खोक्यावर ५४००, मोबाइलवर ४३३

राउटरच्या खोक्यावर एएक्स५४०० असं ठळक छापलेलं असतं आणि दुकानदार तो आकडा बोट ठेवून दाखवतो. घरी आणून जोडला, मोबाइलमध्ये वायफायच्या नावापुढचं चाक दाबून `Link speed` बघितला, की तिथे ४३३ एमबीपीएस. स्पीड टेस्ट लावली तर त्याहून कमी. मग आधी इंटरनेटवाल्याला फोन जातो, नंतर राउटर खराब निघाला असं ठरतं. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. तो आकडा ठरवणारी वस्तू आपल्याच हातात असते: मोबाइल, आणि त्याच्या आत वायफायसाठी किती अँटेना आहेत ते.

लातूरला औसा रोडच्या एका अभ्यासिकेतला प्रसंग सांगतो, कारण त्यात हे सगळं एकाच खोलीत दिसतं. नीटची तयारी करणारी, अहमदपूर-उदगीर-निलंग्याकडची पोरं तिथे बसतात. जवळपास सगळ्यांकडे दहा-बारा हजारांचे मोबाइल. मालकांकडे आधी एसी१२०० जातीचा, म्हणजे जुन्या वायफाय ५ पिढीचा राउटर होता. तो बदलून त्यांनी चांगले पैसे मोजून एएक्स५४००, म्हणजे वायफाय ६ पिढीचा घेतला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "सर, पाच हजार चारशेचा राउटर आणलो, अन् पोरांच्या मोबाइलवर जुनाच आकडा दाखवायलंय की!"

जुना आकडा म्हणजे ४३३. राउटर बदलला, आकडा जागचा हलला नाही. तो हलणारही नव्हता. का ते बघू.

आधी खोक्यावरची बेरीज सोडवून घेऊ. एएक्स५४०० मधले ५४०० हे दोन रेडिओंची बेरीज करून, वर थोडं गोळाबेरीज करून छापलेले असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओचे ४८०४, मिळून ५३७८. वायफाय ६ पर्यंतचा मोबाइल सहसा एका वेळी एका राउटरच्या एकाच बँडला जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कोणत्याही एका मोबाइलच्या वाट्याला कधीच येत नाही. पहिले ५७४ इथेच गेले.

उरलेल्या ४८०४ ला चारने भागा. १२०१ येतात. हा भागाकार महत्त्वाचा आहे, कारण राउटर ५ गिगाहर्ट्झवर एकाच वेळी चार वेगवेगळे प्रवाह सोडू शकतो आणि प्रत्येक प्रवाहाचे जास्तीत जास्त १२०१ एमबीपीएस धरून तो आकडा काढलेला असतो. या प्रवाहांना स्पेशियल स्ट्रीम म्हणतात. आपण नुसतं स्ट्रीम म्हणू. यूट्यूबच्या स्ट्रीमिंगशी याचा काही संबंध नाही.

आता चार स्ट्रीम म्हणजे चार वेगळी चॅनेलं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. चारही स्ट्रीम त्याच चॅनेलवर, त्याच क्षणी, एकमेकांत मिसळून हवेत जातात. रेडिओचा नेहमीचा अनुभव असा की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं लागली तर नुसती खरखर ऐकू येते. मग मोबाइल हे वेगळं कसं काढतो? उत्तर आपण सगळ्यांनी दहावीत शिकलंय: दोन चलांतील रेषीय समीकरणं.

समजा राउटरच्या एका अँटेनाने x हा आकडा पाठवला आणि दुसऱ्याने त्याच क्षणी y पाठवला. मोबाइलला दोन अँटेना आहेत. लहरी भिंतीवरून, पत्र्यावरून, कपाटावरून आपटत येतात, त्यामुळे मोबाइलच्या प्रत्येक अँटेनाला x आणि y यांचं वेगवेगळ्या प्रमाणातलं मिश्रण मिळतं. पहिल्या अँटेनाला मिळालं:

```
2x + y = 7
```

आणि दुसऱ्याला, काही सेंटिमीटर अंतरावर:

```
x + 3y = 6
```

पहिल्या समीकरणातून y = 7 − 2x. ते दुसऱ्यात घाला, x = 3 आणि y = 1. दोन्ही आकडे सुटे झाले. एकाच चॅनेलवर, एकाच क्षणात दुप्पट माहिती पोचली. इथे २, १, १, ३ ही जी प्रमाणं आहेत ती मोबाइलला आधी कशी कळली? प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला राउटर एक ठरलेला, दोघांनाही माहीत असलेला नमुना पाठवतो. तो आपल्याकडे पोचताना किती बदलला ते मोजून मोबाइल ही प्रमाणं काढतो. खऱ्या यंत्रात हे आकडे साधे नसून संमिश्र संख्या असतात आणि ही आकडेमोड सेकंदाला लाखो वेळा होते, पण गणित हेच.

आता मोबाइलला एकच अँटेना असेल तर? त्याच्या हाती एकच समीकरण येतं, 2x + y = 7. अज्ञात दोन, समीकरण एक. x तीन असेल, दोन असेल, साडेतीन असेल, काहीही चालतं. सुटत नाही. राउटर कितीही महाग असो, त्याला चार काय आठ अँटेना असोत, दुसरं समीकरण मोबाइलच्या आतच तयार व्हावं लागतं. म्हणून जोडणी होतानाच मोबाइल राउटरला सांगून टाकतो की मला एकच स्ट्रीम झेपतो, आणि राउटर मुकाट्याने एकच पाठवतो. नियम एवढाच: दोघांपैकी ज्याचे स्ट्रीम कमी, तो आकडा चालतो. राउटर चारचा, मोबाइल दोनचा, तर दोन. राउटर चारचा, मोबाइल एकचा, तर एक.

बाजारात हेच एक बाय एक, टू बाय टू, फोर बाय फोर असं बोललं जातं. स्वस्त मोबाइल बहुतेक एक बाय एक असतात. मधल्या दरातले आणि महागडे टू बाय टू. लॅपटॉपही टू बाय टू, पण स्वस्तातल्या मॉडेलांत अजून एक बाय एकचं कार्ड सापडतं. घरातल्या राउटरशी बोलायला फोर बाय फोर असलेला मोबाइल तुम्हाला दुकानात मिळणार नाही. कारण उघड आहे. प्रत्येक स्ट्रीमला फक्त अँटेनाची तार पुरत नाही. तिच्यामागे पाठवणारा ॲम्प्लिफायर, ऐकणारा ॲम्प्लिफायर, सिग्नलचे आकडे करणारं सर्किट, अशी स्वतंत्र साखळी लागते, आणि ती बॅटरी खाते. वर जागेचा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. दोन अँटेना एकमेकींच्या फार जवळ आल्या तर दोघींना जवळपास सारखंच मिश्रण ऐकू येतं, म्हणजे दोन समीकरणं नावाला दोन, प्रत्यक्षात एकच. तळहाताएवढ्या मोबाइलमध्ये फोर-जी, फाइव्ह-जी, जीपीएस, ब्लूटूथ यांनाही जागा हवी असते. दोन वायफाय अँटेना बसवतात तेच पुष्कळ.

आता अभ्यासिकेचा हिशेब एका दमात करू. पोरांचे मोबाइल वायफाय ५ चे, एक बाय एक. वायफाय ५ मध्ये ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर एका स्ट्रीमची कमाल ४३३. जुना एसी१२०० राउटर ५ गिगाहर्ट्झवर दोन स्ट्रीमचा होता, त्याची कमाल ८६६. नवा चार स्ट्रीमचा, ४८०४. पण मोबाइलला दोन्ही वेळा एकच स्ट्रीम घेता आला, म्हणून दोन्ही वेळा ४३३. मालकांचा स्वतःचा मोबाइल टू बाय टू, वायफाय ६ चा. त्याच्यावर आकडा ८६६ वरून १२०१ वर गेला. नव्या राउटरचा फायदा त्या अख्ख्या अभ्यासिकेत त्या एका मोबाइलला झाला, आणि तोही कागदावर, कारण इंटरनेटची लाइन मुळात ३०० एमबीपीएसची होती.

चाणाक्ष वाचक इथे अडवेल: टू बाय टू असेल तर १२०१ च्या दुप्पट, २४०२ यायला हवेत ना? राउटरचा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल धरून काढलेला आहे आणि बरेच मोबाइल ८० वरच थांबतात. रुंदी अर्धी, वेग अर्धा. म्हणून स्ट्रीममुळे एकदा निम्मं आणि रुंदीमुळे पुन्हा निम्मं. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० कार्ड असलेल्या लॅपटॉपला १६० जमतं, तिथे २४०२ खरोखर दिसतो, राउटरमध्ये १६० चालू असेल आणि जवळ बसला असाल तर.

हे कळलं की लिंक स्पीडचा आकडा बघूनच यंत्राच्या पोटातलं बरंच ओळखता येतं. राउटरपासून चार-पाच पावलांवर, मध्ये भिंत नसताना बघा. ४३३ वर अडकला तर एक स्ट्रीमचं वायफाय ५. ८६६ म्हणजे दोन. १२०१ म्हणजे मोबाइलमध्ये बहुतेक वेळा दोन स्ट्रीमचं वायफाय ६. ७२ दिसला तर यंत्र २.४ गिगाहर्ट्झवर, जुन्या वायफाय ४ ने, एका स्ट्रीमवर बसलंय. तिथे राउटरला दोष देण्याआधी ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडून बघा. एक गंमत म्हणजे २.४ वर १४४ आणि १४३ हे दोन्ही आकडे भेटतात आणि दिसायला सारखेच. पण १४४ म्हणजे वायफाय ४ चे दोन स्ट्रीम आणि १४३ म्हणजे वायफाय ६ चा एक.

विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
netsh wlan show interfaces
netsh wlan show wirelesscapabilities
```

पहिल्या कमांडमध्ये `Receive rate` आणि `Transmit rate` बघायचे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत लोकेशन बंद असेल तर ही कमांड आधी परवानगी मागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या कमांडच्या लांबलचक यादीत `Number of Rx Spatial Streams` आणि `Number of Tx Spatial Streams` या ओळी शोधा. तिथे १ असेल तर विषय संपला, २ असेल तर कार्ड दोनचं आहे. लिनक्सवाल्यांना `iw dev wlan0 link` मध्ये त्या क्षणी किती स्ट्रीम चालू आहेत तेही दिसतं. बिटरेटच्या ओळीत `VHT-NSS 2` किंवा `HE-NSS 2` असं लिहिलेलं असतं. फक्त `wlan0` च्या जागी आपल्या कार्डाचं नाव घालायचं.

कार्ड दोनचं आहे म्हणते, पण आकडा मात्र नेहमी एकचा दाखवते, असं झालं तर? लॅपटॉप अलीकडे दुरुस्तीला जाऊन आला का ते आठवा. बिजागरी तुटली, स्क्रीन बदलली, आतला पंखा साफ केला, अशा कामांत खालचं झाकण उघडावं लागतं. लॅपटॉपच्या अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या कडेला असतात आणि तिथून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा राखाडी, बिजागरीतून खाली येऊन वायफाय कार्डावर टिचकन बसतात. बसायच्या जागा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. जोडताना एखादी नीट बसत नाही, बिजागरीत चिमटते, किंवा तशीच सुटी राहते. वायफाय चालतच राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ओळखायची खूण अशी की राउटरला खेटून बसलं तर कधी ८६६ दिसतोही, कारण उघडं टोकसुद्धा जवळचा सिग्नल थोडाफार पकडतं. पण दोन पावलं मागे सरकलं की आकडा धाडकन निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. शेजारी दुसरा टू बाय टू लॅपटॉप ठेवून बघा, तो त्याच जागी टिकून असतो. झाकण उघडता येत असेल तर आधी बॅटरीचा जोड काढा, मग तारेचं टोक बरोबर वर धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. तिरकं दाबलं तर ते टोक वाकतं, आणि ही टोकं पुन्हापुन्हा काढघाल करायला बनवलेली नसतात.

एक बाय एकचं कार्ड काढून टू बाय टू बसवायचा विचार बरेच जण करतात. कार्ड फार महाग नसतं. पण काही स्वस्त लॅपटॉपांत कारखान्यातूनच एक तार टाकलेली असते. दुसरी अँटेनाच नाही, मग दोनचं कार्ड बसवूनही पहिलीच गत. त्यामुळे कार्ड मागवण्याआधी झाकण उघडून तारा मोजा. आणि इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ हे फक्त त्याला साजेशा इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपात चालतं. एएमडीवाल्यांनी एएक्स२१० घ्यावं.

दुकानात लोक राउटरच्या डोक्यावरच्या काड्या मोजतात. चार काड्या म्हणजे फोर बाय फोर, सहा म्हणजे आणखी भारी. हे साफ चुकीचं आहे. कित्येक स्वस्त राउटरांत चार काड्यांपैकी दोन २.४ साठी आणि दोन ५ साठी असतात, म्हणजे दोन्ही बँड टू बाय टू. काही राउटरांना बाहेर एकही काडी नसते आणि आत चार अँटेना असतात. काड्यांपेक्षा खोक्यावरचा ५ गिगाहर्ट्झचा सुटा आकडा बघावा. १२०१ असेल तर राउटर दोन स्ट्रीमचा, ८० मेगाहर्ट्झवरचा. २४०२ असेल तर बहुधा दोन स्ट्रीम, १६० वर. ४८०४ असेल तर चार.

मग चार स्ट्रीमच्या राउटरचे दोन-तीन अँटेना फुकटच जातात का? नाही, पण त्यांचं काम वेगळं आहे. मोबाइलला एकच स्ट्रीम पाठवायचा असेल तेव्हाही राउटर चारही अँटेनांतून तो अशा वेळेने सोडू शकतो की मोबाइल आहे त्या दिशेला लहरी एकमेकींना जोर देतील. उलट दिशेने, मोबाइलचा क्षीण आवाज चार कानांनी ऐकून ते चारही एकत्र करता येतात. यामुळे कमाल वाढत नाही, ४३३ चे ५०० होत नाहीत. पण आतल्या खोलीत जिथे जुन्या राउटरवर ४३३ चा आकडा घसरून १०० च्या आसपास यायचा, तिथे तो १५०-२०० वर टिकू शकतो. माळवदाच्या जुन्या घरात, दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीपुढे मात्र ही युक्तीही हात टेकते. ५ गिगाहर्ट्झला तशी भिंत झेपत नाही.

दूर गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. टू बाय टू मोबाइलसुद्धा नेहमी दोन स्ट्रीम वापरत नाही. सिग्नल क्षीण झाला की 2x + y = 7 मधला ७ हा नक्की ७ राहत नाही, ६.६ किंवा ७.५ असं काहीतरी होतं, आणि दोन समीकरणं सोडवताना ती चूक वाढत जाते. शिवाय राउटरची ताकद दोन स्ट्रीममध्ये वाटली गेलेली असते. एका मर्यादेनंतर राउटर दोन डळमळीत स्ट्रीमऐवजी एक खणखणीत स्ट्रीम पाठवणं पसंत करतो. म्हणून मागच्या खोलीत महागडा मोबाइल आणि स्वस्त मोबाइल जवळपास सारखेच वागताना दिसतात.

आता लिंक स्पीड आणि प्रत्यक्ष वेग. ४३३ दाखवणाऱ्या मोबाइलवर, इंटरनेटची लाइन कितीही मोठी असली तरी, साधारण २८०-३०० च्या पुढे काही मिळत नाही. लिंक स्पीड म्हणजे पॅकेट हवेत असताना बिट किती वेगाने जातात तो आकडा. पण वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, थोडं थांबायचं, मघाशी सांगितलेला नमुना पाठवायचा, मग माहिती, मग समोरून पोचपावती. या सगळ्यात वेळेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो. अंदाजासाठी लिंक स्पीडच्या साठ-पासष्ट टक्के धरावेत.

अभ्यासिकेतल्या पोरांचं खरं दुखणं इथे होतं. त्यांची तक्रार ४३३ आकड्याची नव्हती. संध्याकाळी सगळे बसले की व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा. हिशेब मांडू. तासाच्या रेकॉर्ड केलेल्या लेक्चरची फाइल समजा ५०० एमबीची, म्हणजे ४००० मेगाबिट. राउटरजवळ बसलेल्या एक बाय एक मोबाइलला, खरा वेग २८० धरला तर, ती उतरवायला हवेतले साधारण १४ सेकंद लागतात. टू बाय टू असता तर त्याच्या निम्मे लागले असते. आता तीच फाइल मागच्या खोलीतला, दोन भिंतींपलीकडचा एक बाय एक मोबाइल उतरवतो, ज्याची लिंक १३० वर आलीय. खरा वेग ८०. त्याला ५० सेकंद हवा लागते. हे ५० सेकंद सलग नसतात, तुकड्यातुकड्यांत वाटले जातात, पण वाटले जातात ते सगळ्यांच्या वेळेतून. हवा एकच, आणि प्रत्येक मिनिटाचे सेकंद साठच. मागच्या खोलीत असे चार जण एकदम उतरवायला बसले की त्यांना मिळूनच २०० सेकंद हवा हवी, आणि पुढच्या खोलीतल्या दोन अँटेनाच्या मोबाइलनेही ताटकळायचं. लाइन ३०० ची असून उपयोग नाही, कारण ती हवेतच अडकते.

राउटर विकणारे यावर म्यू-मायमोचं नाव घेतात: चार स्ट्रीमचा राउटर एकाच क्षणी चार एकट्या स्ट्रीमच्या मोबाइलना वेगवेगळा डेटा पाठवू शकतो. तत्त्वतः खरं आहे. पण त्यासाठी मोबाइललाही ते जमायला हवं, मोबाइल राउटरपासून पुरेशा वेगवेगळ्या दिशांना हवेत, त्या क्षणी सगळ्यांसाठी डेटा तयार हवा, आणि राउटरने नुकतंच प्रत्येकाचं समीकरण मोजून ठेवलेलं हवं. पोरगं मोबाइल हातात घेऊन कूस बदलतं तेवढ्यात ते मोजमाप जुनं होतं. शेजारी शेजारी बाकांवर बसलेल्यांच्या दिशाही जवळपास एकच. माझ्या मते या भरवशावर राउटर घेऊ नये.

अभ्यासिकेत उपाय निघाला तो साधा. जुना एसी१२०० राउटर अजून कपाटावर पडून होता. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्याच्या कामावर टाकून मागच्या खोलीत भिंतीवर लावला आणि नव्या राउटरपासून तिथपर्यंत लॅनची केबल ओढली. वायरलेस रिपीटर लावला नाही, कारण तो तीच हवा दोनदा वापरतो. नव्याला ५ गिगाहर्ट्झवर ३६ नंबरचं चॅनेल दिलं, जुन्याला १४९, दोघांची रुंदी ८०. ही दोन चॅनेलं एकमेकांना छेदत नाहीत, त्यामुळे पुढच्या खोलीला स्वतःची हवा आणि मागच्या खोलीला स्वतःची. नव्या राउटरवरचं १६० मेगाहर्ट्झ बंद केलं, तिथे ते वापरणारं एकही यंत्र नव्हतं. जुन्या राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत ना तेही तपासून घेतलं. काही एसी१२०० राउटरांचे पोर्ट १०० चेच असतात, आणि मग मागची अख्खी खोली मिळून पंचाण्णवच्या पुढे जात नाही.

मागच्या बाकांवरचे मोबाइल १३० वरून परत ४३३ वर आले. ५० सेकंद हवा खाणारी फाइल १४ सेकंदांवर आली, आणि तीही दुसऱ्या चॅनेलवर. मालकांनी हिशेब ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे जुने दोन राउटर असते तरी भागलं असतं का हो?" भागलं असतं.